८० वॅटचा चार्जर, २५ वॅटचा फोन आणि मधली केबल

प्रश्न: माझा सॅमसंगचा फोन ५००० एमएएचचा आहे, २५ वॅटचं चार्जिंग घेतो. डब्यात चार्जर आला नाही. भावाचा वनप्लसचा ८० वॅटचा चार्जर लावतो, पण फोन भरायला जवळजवळ तीन तास लागतात. इतक्या वॅटने बॅटरी खराब होईल का? दुकानदार ३०० रुपयांत ‘६५ वॅट सुपरफास्ट’ देतोय, तो घ्यावा की कंपनीचाच? दुसरा चार्जर लावला की फोन जातो, असं सगळे म्हणतात.

भावाच्या चार्जरने तुमच्या फोनला काहीही होणार नाही, बिनधास्त लावा. तो हळू चालतो त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो. ३०० रुपयांचा ‘६५ वॅट’ मात्र घेऊ नका. कंपनीचाच हवा असंही नाही, पण दुसरा घेताना त्याच्या अंगावरच्या बारीक अक्षरांतल्या दोन ओळी वाचून घ्या. मी फोनचे बोर्ड दुरुस्त करतो. चार्जिंगच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना चार्जर ‘जास्त ताकदीचा’ असण्याची भीती वाटते. प्रत्यक्षात त्रास होतो तो केबलचा आणि बनावट अडॅप्टरचा.

वॅटच्या आकड्यापासून सुरुवात करू. चार्जरवर ८० लिहिलंय म्हणजे तो जास्तीत जास्त इतकं देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. पंगतीत वाढपी पातेलं भरून आणतो, पण पानात किती घ्यायचं ते जेवणारा ठरवतो. इथे जेवणारा फोन आहे. आजचा कुठलाही धड चार्जर फोनला जोडला की आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग दोघांत बोलणं होतं. यूएसबी-सी प्लगमध्ये वीज नेणाऱ्या पिनांखेरीज सीसी नावाची एक बारीक वाट असते. तिच्यावरून चार्जर आपली यादी सांगतो, ५ व्होल्ट देतो, ९ देतो, १५ देतो, २० देतो, प्रत्येकाला इतके अँपिअर. फोन त्यातली एक ओळ मागतो आणि मागितल्यावरच व्होल्टेज वर जातं. या बोलण्याच्या पद्धतीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणतात, पीडी म्हणा. व्होल्टेज ठरल्यावरही किती करंट ओढायचा हे फोनमधली चार्जिंगची आयसी ठरवते. तिच्या आधी एक संरक्षणाची चिप असते. मर्यादेबाहेर व्होल्टेज आलं तर ती वाट तोडते. म्हणून लॅपटॉपचा १०० वॅटचा पीडी चार्जरही तुमच्या २५ वॅटच्या फोनला सुरक्षित आहे.

मग भावाच्या चार्जरवर तीन तास का? कारण तो चार्जर वेगळी भाषा बोलतो. ओप्पोने २०१४ मध्ये वूक आणलं, त्याचीच पुढची पिढी म्हणजे वनप्लसकडे दिसणारं सुपरवूक. त्यात चार्जर आणि फोन यांची स्वतःची खूण ठरलेली असते, केबलही त्यांचीच लागते, आणि १०-११ व्होल्टला ६-७ अँपिअर इतका करंट जातो. ही खूण न पटणारा फोन समोर आला की चार्जर वेग देत नाही. त्यातून त्या अडॅप्टरचं तोंड बहुधा जुनं चौकोनी यूएसबी-ए असतं. त्या तोंडात सीसीची वाट नाही, म्हणजे पीडी बोलायची सोयच नाही. मग उरतं ते ५ व्होल्ट २ अँपिअर, १० वॅट. काही फोन-चार्जर जोड्यांत जुन्या क्विक चार्ज पद्धतीने ९ व्होल्ट मिळतात आणि १५ वॅटपर्यंत गाडी जाते, त्यापुढे नाही. आता हिशोब बघा. तुमच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. १० वॅटने, वाटेतलं नुकसान धरून आणि शेवटच्या २० टक्क्यांत फोन स्वतःच करंट कमी करतो हे धरून, अडीच-तीन तास होणारच.

सॅमसंगच्या २५ वॅटला साधा पीडीही पुरत नाही, ही गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. त्याला पीडीमधलाच पीपीएस नावाचा प्रकार लागतो. साध्या पीडीत व्होल्टेजच्या पायऱ्या मोठ्या आहेत, ५ नंतर थेट ९. फोनला मात्र बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजशी जुळणारा आकडा हवा असतो. बॅटरी रिकामी असताना साडेतीनच्या आसपास असते, भरत आली की ४.४ व्होल्टपर्यंत चढते. ९ व्होल्ट आत घेऊन त्याचे ४ करायचे तर ते काम फोनच्या आतल्या चिपला करावं लागतं, आणि तिथे जी ऊर्जा वाया जाते तिची उष्णता फोनमध्येच राहते. पीपीएसमध्ये फोन चार्जरला सतत सांगत राहतो, आता ८.१२ दे, आता ८.१४ दे. एक पायरी २० मिलिव्होल्टची असते. बॅटरीच्या नेमकं दुपटीच्या आसपास व्होल्टेज आलं की फोनमधली चिप ते फार थोड्या नुकसानीत निम्मं करते. बारीक जुळवाजुळवीचं काम चार्जरकडे जातं, म्हणून उष्णताही चार्जरमध्ये राहते. अडॅप्टर गरम लागतो आणि फोन त्यामानाने कमी तापतो, तो यामुळे. हे चांगलं लक्षण आहे.

म्हणून चार्जर घेताना पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सॅमसंगच्या २५ वॅटच्या अडॅप्टरवर असं छापलेलं असतं:

```
(PDO) 9V⎓2.77A or 5V⎓3A
(PPS) 3.3-5.9V⎓3A or 3.3-11V⎓2.25A
```

दुसरी ओळ महत्त्वाची. कुठल्याही कंपनीच्या अडॅप्टरवर `PPS` असेल, वरचं टोक ११ व्होल्ट किंवा जास्त असेल आणि त्याच्यापुढे २.२५ अँपिअर किंवा जास्त असेल, तर तुमचा फोन त्यावर पूर्ण वेगाने चालायला हवा. ही ओळ नसलेला ६५ वॅटचा पीडी चार्जर घेतलात तर तो उत्तम चार्जर असूनही तुमच्या फोनवर फक्त `Fast charging` येईल, `Super fast charging` येणार नाही. लॅपटॉपच्या जुन्या पीडी चार्जरवर हेच होतं आणि लोकांना वाटतं फोन बिघडला.

आता त्या ३०० रुपयांच्या नगाकडे या. असले अडॅप्टर माझ्या टेबलावर नेहमी येतात. पुढे ठळक ‘65W’, आणि मागे उलटून बघितलं की `Output: 5V⎓3.1A`. गुणाकार करा, १५.५ वॅट. बाकीचे वॅट फक्त खोक्यावर आहेत. काहींवर मागे ९ आणि १२ व्होल्टही लिहिलेले असतात, पण मीटर लावला की ५ च्या वर काही मिळत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते. मागचा गुणाकार पुढच्या आकड्याशी जुळत नसेल तर तो नग जागेवर ठेवा. जो बनवणारा स्वतःच्या लेबलवर खरं लिहीत नाही, त्याने आतल्या सुरक्षेवर खर्च केला असेल असं मानायला काही आधार नाही.

केबलवर थोडं थांबतो, कारण ‘चार्जर गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा केबल बदलली की सगळं सुरळीत होतं. केबलमध्ये तांब्याच्या तारा किती जाड आहेत त्यावर सगळं आहे, आणि जाड रबरी आवरणावरून किंवा विणलेल्या कापडावरून ते कळत नाही. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार बहुधा २८ गेजची असते. तिचा विरोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम. वीज जाऊन परत यायची, म्हणजे १ मीटरच्या केबलला ०.४३ ओहम धरा. भावाच्या चार्जरच्या ५ व्होल्टवर फोनने २ अँपिअर ओढायला घेतले तर या तारेतच ०.८५ व्होल्ट गळतात. फोनपाशी पोचतात ४.१५ व्होल्ट. इतक्या कमी व्होल्टेजवर फोन पूर्ण करंट ओढत नाही. चार्जर कमजोर आहे असं समजून तो मागणी कमी करत नेतो आणि एखाद्या अँपिअरवर येऊन स्थिरावतो. १० वॅटचे ५ झाले. चार्जर ठणठणीत, फोन ठणठणीत, आणि भरायला मात्र पाच-सहा तास.

तीच केबल ९ व्होल्टला २.७७ अँपिअरवर चालवली तर १.२ व्होल्ट गळतात आणि ३ वॅटहून जास्त उष्णता नुसत्या तारेत तयार होते. यूएसबी-सीच्या मानकात जाता-येता मिळून पाऊण व्होल्टच्या वर गळती चालत नाही. त्याहून जाड अशा २४ गेजच्या तारेत विरोध मीटरला ०.०८४ ओहम, म्हणजे जाऊन-येऊन ०.१७. तिथे तेवढ्याच करंटला अर्ध्या व्होल्टच्या आत काम होतं. लांबी दुप्पट केली की गळती दुप्पट होते. म्हणून पलंगापाशी पोचावी म्हणून घेतलेली स्वस्त २ मीटरची केबल जवळजवळ हमखास हळू चालते. लांब केबल घ्यायचीच असेल तर चांगलीच घ्या.

फोन जिथून खरोखर जळतो ती जागा केबलच्या टोकाला असते. प्लग सैल झाला, आत घामाचा किंवा पावसाचा ओलावा गेला, पिनेवर गंज चढला की तेवढ्या एका बिंदूत विरोध वाढतो. नुसता ०.१ ओहम वाढला आणि ३ अँपिअर गेले, तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत जवळपास १ वॅट उष्णता साचते. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग पिना वाकतात आणि फोनचा पोर्ट जातो. केबल सगळीकडे कोमट लागली तर काळजी नको. फक्त फोनकडचं टोक चटका बसेल इतकं तापत असेल तर ती केबल त्याच दिवशी टाकून द्या. माझ्याकडे बदलायला येणाऱ्या जळक्या पोर्टांमागे बहुधा अशीच एक जुनी, हलवून हलवून ‘लागणारी’ केबल असते.

दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली मानकाप्रमाणे बनवलेली साधी केबल ३ अँपिअर नेते. तुमच्या २५ वॅटला ती पुरेशी आहे. सॅमसंगच्या ४५ वॅटच्या फोनांना मात्र ५ अँपिअरची केबल लागते, जिच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप असते. चिप दिसली नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्याला सी अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावाच लागतो. तो फोनला सांगतो की जुन्या पोर्टवरून वीज येतेय, बेताने घे. त्या जागी चुकीचा रेझिस्टर टाकला तर फोन ३ अँपिअर मागतो आणि बिचारा जुना अडॅप्टर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तापून जातो. गूगलमधले अभियंता बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून अशा केबली विकत घेऊन तपासल्या आणि निष्कर्ष जाहीर केले. २०१६ मध्ये त्यातल्या एका केबलमध्ये वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉपच गेला. त्यानंतर अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या यूएसबी-सी केबली विकायला बंदी घातली. तुम्ही पीडी चार्जर घेतलात की केबल दोन्हीकडून सीचीच लागते, हा प्रश्न तिथेच संपतो.

आता ‘दुसरा चार्जर लावला की फोन जातो’ या भीतीत तथ्य कुठे आहे ते सांगतो. नाव असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या चार्जरबाबत ती भीती व्यर्थ आहे. बनावट चार्जरबाबत ती योग्य आहे, आणि तिथे धोका फोनपेक्षा माणसाला जास्त आहे. अडॅप्टरच्या आत एका बाजूला घरातले २३० व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातला फोन. मध्ये ट्रान्सफॉर्मर. या दोन बाजू एकमेकींपासून बोर्डावर ५-६ मिलिमीटर तरी लांब असायला हव्यात, ट्रान्सफॉर्मरची तार जादा आवरणाची हवी, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा जो एक कपॅसिटर असतो तो खास सुरक्षेच्या वर्गाचा हवा, जो बिघडला तरी शॉर्ट होत नाही. बनावट नग फोडून बघितला की अंतर १ मिलिमीटरवर आलेलं असतं आणि त्या जागी साधा कपॅसिटर लावलेला असतो. तो शॉर्ट झाला की २३० व्होल्ट थेट यूएसबीच्या पिनेवर. अमेरिकेतल्या यूएल या तपासणी संस्थेने ४०० बनावट अ‍ॅपल चार्जर तपासले, ब्रिटनच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने २०१६ मध्ये ते निकाल जाहीर केले. सुरक्षेच्या प्राथमिक चाचणीत फक्त ३ टिकले.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. गावाकडे डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ३००-३५० व्होल्ट येऊ शकतात. चार्जरमधला पहिला मोठा कपॅसिटर साधारण ४०० व्होल्टचा असतो, आणि ३०० व्होल्ट एसीचं शिखर ४२४ असतं. अशा वेळी चांगला चार्जरही जातो. पण त्याचा फ्यूज उडतो, तो कायमचा बंद पडतो आणि फोन वाचतो. बनावट नगात फ्यूजच्या जागी कधी नुसती तार असते.

बाहेरून ओळखायच्या काही खुणा आहेत. चार्जिंग चालू असताना स्क्रीनवर बोट एकीकडे आणि टच भलतीकडे, किंवा कीबोर्डवर अक्षरं आपोआप उमटतात, तर चार्जरच्या आउटपुटमध्ये विजेचा गोंगाट फार आहे. केबल काढल्यावर ते थांबलं तर फोन दोषी नाही. धातूच्या कडेवरून हाताची उलटी बाजू अलगद फिरवली की बारीक मुंग्या येतात, त्या मात्र अस्सल दोन पिनी चार्जरवरही येतात. त्या सुरक्षेच्या कपॅसिटरमधून पाव मिलिअँपिअरच्या आतला करंट झिरपतो, तो घातक नसतो. हात झटकन मागे घ्यावा लागला तर तो झिरपा नव्हे, शॉक आहे. असा चार्जर पुन्हा सॉकेटला लावू नका.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईल अडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागे बीआयएसचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि `R-` नंतर ८ आकडे असतात. नंबर छापणं सोपं आहे, म्हणून तो तपासा. `BIS Care` अ‍ॅपमध्ये `Verify R-No. under CRS` हा पर्याय आहे. नंबर टाकला की बनवणारा, ब्रँड आणि वस्तूचा प्रकार दिसतो. नंबर खरा पण ब्रँड दुसराच, किंवा वस्तू अडॅप्टरऐवजी भलतीच, असंही आढळतं. तसं दिसलं तर दुकानदाराला परत करा.

बॅटरीच्या आयुष्याचं विचारलंत, तर २५ वॅट ही तुमच्या आकाराच्या बॅटरीला झेपणारी गोष्ट आहे. बॅटरीला म्हातारी करते ती उष्णता. चार्जिंग चालू ठेवून गेम खेळणं, उशीखाली फोन ठेवणं, मे महिन्यात गाडीच्या काचेपाशी चार्जिंगला लावणं, यांनी होणारं नुकसान दुसऱ्या कंपनीच्या चार्जरने होत नाही. फोन फार तापला की तो आपणहून करंट उतरवतो, म्हणून भर उन्हात चार्जिंग हळू वाटलं तर चार्जरला दोष देऊ नका.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. नावाजलेल्या कंपनीचा, सीच्या तोंडाचा, वर सांगितलेली पीपीएसची ओळ असलेला २५ ते ३० वॅटचा अडॅप्टर, आणि १ मीटरची सी-टू-सी केबल. घरात लॅपटॉपही सीवर चालत असेल तर ६५ वॅटचा दोन तोंडांचा घ्या, फक्त दुसऱ्या तोंडात काही लावलं की वॅट विभागले जातात आणि फोनचं चार्जिंग क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतं, हे धरून चाला. सॅमसंगचाच मिळाला आणि किंमत परवडली तर तोही चांगलाच आहे, पण तो सुटा बाजारातून घेतला तर आर-नंबर त्याचाही तपासा. सर्वाधिक नकला प्रसिद्ध नावांच्याच होतात.

घरी आणल्यावर फोन २०-३० टक्क्यांवर असताना लावा, स्क्रीन बंद ठेवा आणि १५ मिनिटांनी टक्के बघा. २५-२८ टक्के वाढले तर पूर्ण वेग मिळतोय. १५-१७ वाढले तर पीपीएस जुळलेला नाही, १० च्या आसपास असतील तर ५ व्होल्टवरच अडकलंय. तसं झालं तर आधी फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Super fast charging` चालू आहे का बघा. मग केबल बदलून बघा. तरीही नाही तर फोन बंद करून पोर्टमध्ये उजेड टाका. खिशातल्या कापसाची गोळी तळाशी दाबून बसलेली असते, त्यामुळे प्लग पूर्ण आत जात नाही आणि सीसीची पिन टेकत नाही. लाकडी टूथपिकने ती हलक्या हाताने उकरून काढा, सुई किंवा पिन वापरू नका, आणि मग पुन्हा १५ मिनिटं मोजा.